‘तोटा मर्यादित’ म्हणजे नेमका किती?

शेअर बाजाराच्या क्लासमध्ये, यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत दोन वाक्यं गेली काही वर्षं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितली जातात. पहिलं वाक्य नवख्यासाठी असतं: ‘फ्युचर धोकादायक, ऑप्शन विकत घ्या, तोटा प्रीमियमपुरता मर्यादित.’ हात पोळलेल्यांसाठी दुसरं तयार असतं: ‘ऑप्शन विकत घेणारे हरतात, तेव्हा ऑप्शन विका. दर आठवड्याला घरभाड्यासारखं उत्पन्न येतं.’ दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, आणि तेवढ्यामुळेच ती घातक ठरली आहेत. पहिलं वाक्य एका सौद्याबद्दल बोलतं आणि ऐकणारा ते आपल्या खात्याबद्दल समजतो. दुसरं वाक्य शांत आठवड्यांचा अनुभव सांगतं आणि ऐकणारा तो वर्षाचा हिशेब मानतो. पगारातून शिल्लक पडलेले दोन-तीन लाख घेऊन या बाजारात उतरणाऱ्या माणसाचं सर्वाधिक नुकसान या गैरसमजानं केलं आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद आकड्यांनिशी करायला हवा.

आधी पहिल्या वाक्याचा खरा भाग मान्य करू. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात ८,७४५ वरून ७,६१० वर आला. घसरण १,१३५ अंकांची, जवळपास १३ टक्क्यांची. सकाळी बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात १० टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं आणि व्यवहार पाऊण तास बंद राहिले. निफ्टीचा लॉट तेव्हा ७५ चा होता. आदल्या शुक्रवारी ज्यानं एक लॉट फ्युचर खरेदी करून ठेवलं होतं, त्याच्या खात्यातून त्या एका दिवसाचे सुमारे ८५ हजार रुपये गेले. हा तोटा कागदावरचा नसतो. फ्युचरमध्ये दर दिवशी ‘एम टू एम’ होतं, म्हणजे त्या दिवसाच्या भावानुसार तोटा रोखीनं वसूल होतो. उलट ज्यानं शुक्रवारी कॉल विकत घेतला होता, त्याचा तोटा दिलेल्या प्रीमियमवरच थांबला. बाजार आणखी दोन हजार अंक कोसळला असता तरी त्याला एक रुपयाही जास्त द्यावा लागला नसता, आणि ब्रोकरचा मार्जिनसाठी फोनही आला नसता. हे संरक्षण खरं आहे आणि मोलाचं आहे.

प्रश्न त्या संरक्षणाच्या किमतीचा आहे.

उदाहरण २०२५ च्या बाजारासारखं घेऊ, हिशेबाच्या सोयीसाठी गोल आकड्यांत. निफ्टी २४,००० वर आहे, लॉट ७५ चा, एक्स्पायरीला सात दिवस बाकी आहेत आणि बाजार शांत आहे. इंडिया व्हिक्स १३ च्या आसपास. अशा वेळी २४,००० चा कॉल साधारण १७० रुपयांना मिळतो. एका लॉटचा प्रीमियम १२,७५० रुपये. फ्युचरच्या एका लॉटची एकूण किंमत १८ लाख आणि त्यासाठी लागणारं मार्जिन सव्वादोन लाखांच्या घरात. क्लासमधला शिक्षक फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहितो, पावणेतेरा हजार आणि सव्वादोन लाख, आणि विचारतो की यातला धोका कशात जास्त? वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं.

पण प्रत्यक्षात सव्वादोन लाख खात्यात असलेला माणूस एक लॉट कॉल घेऊन थांबत नाही. ‘तोटा मर्यादित’ हे वाक्य त्याला धीर देतं आणि तो पाच, दहा, कधी अठरा लॉट घेतो. अठरा लॉटचा प्रीमियम २,२९,५०० रुपये होतो, म्हणजे फ्युचरच्या एका लॉटच्या मार्जिनइतकाच. आता आठवडाभर काहीच घडलं नाही असं समजा. निफ्टी पुढच्या एक्स्पायरीला पुन्हा २४,००० वरच बंद झाला. फ्युचरवाल्याचं मुद्दल जवळजवळ जसंच्या तसं आहे. कॉलवाल्याचे २,२९,५०० रुपये गेले, पूर्णपणे गेले. फ्युचरच्या एका लॉटमध्ये एवढी रक्कम घालवायची तर निफ्टी त्या आठवड्यात ३,०६० अंकांनी, म्हणजे पावणेतेरा टक्क्यांनी कोसळावा लागेल. एकाला सर्वस्व गमावण्यासाठी मार्च २०२० सारखा दिवस लागतो, दुसऱ्याला नुसता कंटाळवाणा आठवडा पुरतो. यातल्या दुसऱ्याला ‘सुरक्षित’ म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

इथे कोणी म्हणेल की ही चूक ऑप्शनची नव्हे, जास्त लॉट घेणाऱ्याची. बरोबर आहे. पण मग तुलनाही त्याच पायावर करायला हवी होती. फ्युचरचं मार्जिन ही अनामत आहे, सौदा संपल्यावर नफा-तोटा वजा करून ती परत मिळते. प्रीमियम ही किंमत आहे, ती दिली की गेली, आणि ती वसूल करण्याची जबाबदारी बाजारानं ठराविक दिवसांत ठराविक अंतर चालण्यावर असते. अनामत आणि किंमत हे दोन आकडे एका रांगेत मांडून ‘धोका कशात कमी’ असं विचारणं हाच मुळात चुकीचा प्रश्न आहे. खरी तुलना करायची तर समान आकाराच्या सौद्यांची करा: एक लॉट फ्युचर विरुद्ध दोन लॉट ॲट-द-मनी कॉल, कारण असा कॉल सुरुवातीला निफ्टीच्या हालचालीच्या साधारण निम्म्यानंच हलतो. मग दिसतं की कॉलवाल्यानं त्या आठवड्याच्या संरक्षणासाठी साडेपंचवीस हजार रुपये आगाऊ मोजले आहेत. मोठी घसरण आली तर ते सार्थकी लागतील. पण असं संरक्षण वर्षातले बावन्न आठवडे विकत घेत राहिलं, तर तेच खातं पोखरून काढतं.

काळ हे कसं करतो तेही पाहण्यासारखं आहे. वरचाच कॉल, निफ्टी २४,००० वर स्थिर आणि व्हिक्स तोच. सात दिवस आधी १७० ला असलेला प्रीमियम तीन दिवस उरताना सुमारे १११ वर येतो आणि एक दिवस उरताना ६४ वर. पहिल्या चार दिवसांत ५९ रुपये गेले, पुढच्या दोन दिवसांत ४७, आणि उरलेले ६४ शेवटच्या एका दिवसात. घसरण सरळ रेषेत होत नाही, शेवटाकडे वेग धरते. त्यामुळे ‘बाजार वर जाईल’ हे भाकीत खरं ठरलं तरी पुरत नाही. तो एक्स्पायरीपर्यंत २४,१७० च्या वर जायला हवा, नाहीतर लवकर जायला हवा. फ्युचरवाल्याला फक्त दिशा बरोबर ओळखावी लागते. ऑप्शन विकत घेणाऱ्याला दिशा, अंतर आणि वेळ या तिन्ही गोष्टी बरोबर याव्या लागतात.

चौथी गोष्ट व्हिक्सची. प्रीमियम बाजाराच्या धास्तीप्रमाणे फुगतो आणि आटतो. फेब्रुवारी २०२० च्या मध्याला १४ च्या आसपास असलेला व्हिक्स २३ मार्चला ७० च्या वर होता. म्हणजे निर्देशांकाच्या टक्केवारीत पाहिलं तर तेच संरक्षण पाचपट महाग झालं होतं, आणि तेही ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी. मोठ्या घटनेच्या आदल्या दिवशी कॉल घेणाऱ्याला नेहमी हा अनुभव येतो: घटना घडते, बाजार वर जातो, आणि तरी कॉल अपेक्षेइतका वाढत नाही, कारण धास्ती ओसरल्यावर प्रीमियमचा तो भाग गळून पडलेला असतो.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम सेबीच्या पाहणीत दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, दरडोई सरासरी सुमारे दोन लाख. २०२३-२४ मध्ये यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी दाखवलं होतं. पुढच्या वर्षीही, म्हणजे २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के तोट्यात राहिले आणि त्या एका वर्षाचा निव्वळ तोटा १.०५ लाख कोटींवर गेला. या लोकांनी व्यवहार प्रामुख्यानं ऑप्शनमध्ये केले, आणि छोट्या खात्याला परवडणारा सौदा म्हणजे खरेदीच. प्रत्येक सौद्यात तोटा मर्यादित असूनही एवढी रक्कम गेली. मर्यादा सौद्याला होती, सौद्यांच्या संख्येला नव्हती.

नेमक्या याच पाहणीचा आधार घेऊन दुसरं वाक्य पुढे येतं. विकत घेणारे हरतात ना, मग विका! प्रीमियम गळतो ना, मग तो आपल्या खिशात पडू द्या. घरभाड्याची उपमा इथेच येते, आणि तिथेच ती फसते. भाडेकरूनं भाडं थकवलं तर घरमालकाचं एका महिन्याचं भाडं जातं. घर त्याचंच राहतं. ऑप्शन विकणाऱ्यानं मात्र दरमहा थोड्या रकमेच्या बदल्यात संपूर्ण घराची हमी लिहून दिलेली असते.

जून २०२४ चा पहिला आठवडा यासाठी बारकाईनं पाहावा. ३१ मे, शुक्रवारी निफ्टी २२,५३० वर बंद झाला. लोकसभेचं मतदान संपलं, एक्झिट पोल आले आणि सोमवारी ३ जूनला निफ्टी ७३३ अंक वर जाऊन २३,२६३ वर बंद झाला. मंगळवारी प्रत्यक्ष निकाल लागले. दुपारपर्यंत निफ्टी २१,२८१ पर्यंत घसरला आणि शेवटी २१,८८४ वर बंद झाला. एका दिवसात १,३७९ अंक, ५.९३ टक्के. बुधवारी तो पुन्हा २२,६२० वर, आणि गुरुवारी, एक्स्पायरीला, २२,८२१ वर. शुक्रवार ते गुरुवार एवढंच पाहिलं तर आठवड्यात निफ्टी २९१ अंक वर गेला. नुसता आठवड्याचा चार्ट पाहणाऱ्याला मधलं वादळ कळणारही नाही.

सोमवारी संध्याकाळचा मूड आठवा. सरकार भक्कम बहुमतानं येणार याबद्दल बाजाराला शंका नव्हती. अशा वेळी २२,००० चा पुट विकणं शहाणपणाचं वाटावं अशीच परिस्थिती होती. बंद भावापासून तो सव्वापाच टक्क्यांहून जास्त खाली. ‘एवढा पडणार नाही’ या विश्वासावर एका ट्रेडरनं दहा लॉट विकले असं धरू. लॉट तेव्हा २५ चा होता. प्रीमियम सरासरी ४० रुपये मिळाला असं मानलं तर खात्यात दहा हजार जमा झाले. सुरुवातीला असा दूरचा पुट निफ्टीच्या हालचालीच्या जेमतेम एक-दशांशानं हलतो. म्हणजे दहा लॉट विकूनही त्याची जोखीम फ्युचरच्या एका लॉटच्या खरेदीइतकीच होती. क्लासमध्ये हे सांगितलं जातं आणि ते त्या क्षणापुरतं खरंही असतं.

आता मंगळवारची दुपार. निफ्टी २१,२८१. फ्युचरचा एक लॉट खरेदी करून बसलेल्याचा तोटा सुमारे १,९८२ गुणिले २५, म्हणजे साडेएकोणपन्नास हजार. मोठा फटका, पण मोजता येणारा. पुट विकणाऱ्याच्या प्रत्येक पुटची केवळ अंगभूत किंमत ७१९ रुपये झालेली होती. त्यावर धास्तीचा प्रीमियम वेगळा. दहा लॉटचा तोटा किमान १,७९,७५० रुपये, मिळालेले दहा हजार वजा करूनही पावणेदोन लाखांच्या जवळ. सुरुवातीला दोघांची जोखीम सारखीच होती आणि काही तासांत एकाचा तोटा दुसऱ्याच्या साडेतीनपट झाला.

असं का झालं, हे या वादात सर्वांत महत्त्वाचं आहे. फ्युचरची जोखीम स्थिर असते. निफ्टी एक अंक पडला की लॉटमागे २५ रुपये, हजारावा अंक पडला तरी २५ च रुपये. विकलेल्या पुटची जोखीम बाजार पडेल तशी वाढत जाते. सुरुवातीला एक-दशांशानं हलणारा पुट स्ट्राइकजवळ आल्यावर निम्म्यानं हलतो, आणि स्ट्राइकच्या पलीकडे गेल्यावर जवळजवळ पूर्ण वेगानं. म्हणजे त्या ट्रेडरच्या हातात सकाळी फ्युचरच्या एका लॉटइतकी जोखीम होती आणि दुपारी आठ-नऊ लॉटइतकी, एकही नवा सौदा न करता. आपल्या विरोधात जाणारा सौदा वाढवत नेऊ नये, हा नियम प्रत्येक शिक्षक शिकवतो. ऑप्शनचा नेकेड विक्रेता तो नियम सौदा करतानाच मोडून बसलेला असतो, बाजार त्याच्या वतीनं लॉट वाढवत जातो. विकत घेणाऱ्याच्या बाबतीत हेच गणित उलट चालतं, आणि त्यानं प्रीमियम मोजलेला असतो तो त्यासाठीच.

गुरुवारी तो २२,००० चा पुट शून्य झाला. विकणाऱ्याचं भाकीत शेवटी खरं ठरलं होतं! पण मंगळवारी दुपारी त्याच्या खात्यात पावणेदोन लाख आणि वाढीव मार्जिन नसेल, तर ब्रोकरच्या जोखीम विभागानं त्याचे लॉट सर्वांत वाईट भावाला स्क्वेअर ऑफ केले असणार. एक्स्पायरीच्या भावावर आधारलेली ‘दहापैकी नऊ वेळा विक्रेता जिंकतो’ ही आकडेमोड अशा दुपारी कामाची नसते, कारण तिच्यात एक्स्पायरीपर्यंत टिकण्याची क्षमता गृहीत धरलेली असते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही स्टॉपलॉस लावतो. स्टॉपलॉस लावावाच. पण तो सूचना आहे, हमी नाही. रात्री बाजार बंद असतो आणि सकाळी थेट पाचशे अंक खाली उघडू शकतो. दिवसाही दूरच्या स्ट्राइकमध्ये समोर खरेदी-विक्री करणारे मोजकेच असतात. मार्केट ऑर्डरचा स्टॉपलॉस अशा वेळी भलत्याच भावाला लागतो. असे विचित्र सौदे वारंवार होऊ लागल्यावर एनएसईनं २०२१ मध्ये ऑप्शनमधले मार्केट स्टॉपलॉस बंदच केले. आता मर्यादित भावाचा स्टॉपलॉस लावावा लागतो, आणि बाजार त्या भावावरून उडी मारून पुढे गेला तर तो लागतच नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याची शिकवण २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले जेम्स कॉर्डियर हे ऑप्शन विकण्याचे जाणकार म्हणून ओळखले जात, त्यांनी त्या विषयावर पुस्तक लिहिलं होतं आणि सुमारे तीनशे खात्यांसाठी ते नैसर्गिक वायूचे कॉल विकत होते. थंडीची लाट आली आणि १४ नोव्हेंबरला वायूचा भाव एका दिवसात जवळपास १८ टक्के उसळला. ग्राहकांची खाती शून्यावर येऊन थांबली नाहीत. अनेकांना भरलेल्या रकमेच्या वर देणं निघालं. कॉर्डियर यांनी व्हिडिओवरून ग्राहकांची माफी मागितली. अनुभव कमी पडला असं तिथे म्हणता येत नाही. कॉल विकणाऱ्याच्या तोट्याला वरची मर्यादाच नसते, कारण भावाला वरची मर्यादा नसते.

मग फ्युचर निर्दोष आहे का? अजिबात नाही, आणि या लेखाचा हेतू त्याची जाहिरात करण्याचा नाही. फ्युचर खरेदी करणाऱ्याचा जास्तीत जास्त तोटा म्हणजे भाव शून्यावर जाणं, अशी एक समजूत होती. २० एप्रिल २०२० ला तीही गेली. लॉकडाउनमुळे मुंबईतल्या एमसीएक्सवर व्यवहार संध्याकाळी पाचलाच बंद होत होते. त्या दिवशी कच्च्या तेलाचा एप्रिलचा सौदा ९६५ रुपये प्रति बॅरलला बंद झाला. रात्री न्यूयॉर्कमध्ये तेलाचा भाव शून्याखाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर सेटल झाला. एमसीएक्सचा सौदा त्या भावाशी बांधलेला असल्यामुळे इथला अंतिम भाव ठरला उणे २,८८४ रुपये. शंभर बॅरलचा एक लॉट घेऊन झोपलेल्या माणसाचा तोटा ३,८४,९०० रुपये, म्हणजे त्याच्याकडच्या तेलाच्या संपूर्ण किमतीच्या जवळपास चौपट, आणि तोही बाजार बंद असताना, सौदा विकण्याची संधी न मिळता. फ्युचरमधली जोखीम दोन्ही बाजूंना उघडी असते. तिचं एकच चांगलं लक्षण आहे: ती पहिल्या क्षणापासून पूर्ण दिसते. १८ लाखांचा सौदा १८ लाखांचाच वाटतो. बारा हजारांत घेतलेला किंवा दहा हजार मिळवून विकलेला ऑप्शन तेवढा वाटत नाही.

शेअरच्या ऑप्शनमध्ये तर ‘मर्यादित तोटा’ हे वाक्य विकत घेणाऱ्यालाही पूर्ण लागू पडत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे शेअरवरच्या सगळ्या फ्युचर-ऑप्शनचा शेवट प्रत्यक्ष शेअरच्या देवघेवीनं होतो. समजा एका शेअरचा भाव १,४०० आहे, लॉट ५०० चा, आणि कोणी १,३८० चा कॉल थोड्या हजारांत घेऊन विसरून गेला. एक्स्पायरीला भाव १,३९० असेल तर तो कॉल ‘इन द मनी’ आहे, आणि त्याला ५०० शेअर १,३८० च्या भावानं, म्हणजे ६,९०,००० रुपये देऊन उचलावे लागतात. पुट घेतला असेल तर शेअर द्यावे लागतात. ते नसतील तर लिलाव आणि त्याचा दंड. एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत वाढत जाणारं डिलिव्हरी मार्जिन मागितलं जातं, तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळतं. निर्देशांकाचे ऑप्शन रोखीत मिटतात, म्हणून निफ्टीवर शिकलेला माणूस शेअरच्या ऑप्शनमध्ये हमखास इथे अडकतो.

विक्रीच्या बाजूनं एक युक्तिवाद मात्र दमदार आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. ऑप्शनचे प्रीमियम दीर्घकाळाच्या सरासरीत प्रत्यक्ष हालचालीपेक्षा थोडे महाग असतात, हे जगभर दिसून आलेलं आहे. विकणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो, म्हणूनच मोठ्या संस्था हा व्यवसाय करतात. सेबीच्याच पाहणीत २०२३-२४ मध्ये ब्रोकर-संस्थांच्या स्वतःच्या खात्यांना खर्चाआधी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना २८ हजार कोटी नफा झाल्याचं दिसतं. पण त्या नफ्यातला ९६-९७ टक्के वाटा संगणकी अल्गोरिदमनं केलेल्या व्यवहारांचा होता. हे व्यवहार करणारे पुट विकून निकालाची वाट पाहत बसत नाहीत. निफ्टी हलला की सेकंदाच्या अंशात दुसऱ्या बाजूचा सौदा करतात, शेकडो स्ट्राइकमध्ये जोखीम वाटतात, आणि एका वाईट दिवसाला पुरून उरेल एवढं भांडवल ठेवतात. घरून मोबाइलवर दहा लॉट विकणाऱ्याकडे यांतलं काहीच नसतं. त्याला तो फायदा मिळतो तोवर मिळतो, आणि ४ जूनसारख्या एका दिवसात वर्षभराचा परत जातो.

छोट्या विक्रेत्यासाठी एक मार्ग आहे आणि तो अवघड नाही. विकलेल्या पुटच्या खाली आणखी दूरचा पुट विकत घ्यायचा. २२,००० चा विकला तर २१,८०० चा घ्यायचा. मग निफ्टी २१,२८१ वर जावो की १९,००० वर, तोटा २०० अंकांत, मिळालेला प्रीमियम वजा जाता, बंद होतो. त्या दहा लॉटचा वरचा तोटा पावणेदोन लाखांऐवजी ५० हजारांच्या आत राहिला असता. जून २०२० पासूनच्या मार्जिन पद्धतीत अशा सौद्याला मार्जिनही बरंच कमी लागतं. उत्पन्न थोडं घटतं, म्हणून क्लासमध्ये हे घाईघाईत सांगून पुढे जातात. जोखीम बंद करण्याची ती रास्त किंमत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीनं काही नियम कडक केले: सौद्याचं किमान मूल्य १५ लाखांवर नेलं, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजवर एकाच निर्देशांकापुरती ठेवली, एक्स्पायरीच्या दिवशी विक्रेत्यांवर दोन टक्के जादा मार्जिन लावलं. हे योग्यच झालं. पण नियमानं एक गोष्ट साधत नाही, ती म्हणजे शिकवणाऱ्यांची भाषा. ज्यांना फी घेऊन हा विषय शिकवायचा आहे त्यांनी ‘मर्यादित तोटा’ म्हणताना त्याच श्वासात तो तोटा किती वेळा आणि किती संभाव्य आहे ते सांगावं. ‘भाड्याचं उत्पन्न’ म्हणताना ४ जून २०२४ ची दुपार फळ्यावर मांडावी.

आणि ज्याच्या खात्यात दोन-तीन लाख आहेत त्या वाचकानं पुढचा सौदा करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत. हा सौदा फ्युचरच्या किती लॉटइतका आहे? निफ्टी आठवडाभर जागचा हलला नाही तर किती जाईल? आणि एका दिवसात सहा टक्के हलला तर किती? यातला एखादा आकडा मांडता येत नसेल, तर त्या दिवशी ऑर्डरचं बटण दाबू नये.